दमडीच्या तेलात उंट कसा पोहतो?

शाळेत अतिशयोक्ती अलंकार शिकवताना दमडीच्या तेलाचे जुने लोकगीत हमखास सांगितले जाते. घरात दमडीचे तेल येते. तेवढ्यात सासूबाईंचे न्हाणे होते, सासऱ्यांच्या शेंडीला तेल लागते, दिराची दाढी होते. तरीही तेल उरतेच, म्हणून ते झाकून ठेवतात. मग लांडोरीचा पाय लागून ते सांडते, ओघळ वेशीपर्यंत जातो आणि त्या ओघळातून उंट पोहून जातो.

मुले हसतात ती उंटापाशी, म्हणून गंमत उंटात आहे असे वाटते. पण मधले सगळे गाळून 'दमडीच्या तेलात उंट पोहला' एवढेच सांगून पाहा. कोणी हसत नाही. ते नुसते खोटे विधान होते. उंट पोहू शकतो तो मधल्या पायऱ्यांमुळे. पहिली पायरी जवळजवळ खरी आहे, कारण काटकसरी घरात थोडक्या तेलात एकाचे न्हाणे भागते. दुसरी थोडी ताणलेली, तिसरी आणखी थोडी. ऐकणारा प्रत्येक पायरीवर 'बरं, असेल' म्हणत पुढे सरकतो आणि अशक्याच्या दारात कधी पोचला हे त्याला उंट दिसल्यावरच कळते.

त्यातही सगळ्यात कसबाची जागा आहे ती 'उरलेले झाकून ठेवण्या'ची. ती कृती अगदी घरगुती आणि खरी आहे. तेल उरले की कोणतीही गृहिणी भांड्यावर झाकण ठेवतेच. तेलाचे माप अफाट झाले, पण माणसे मात्र नेहमीसारखीच वागत राहिली. मराठी विनोदी लेखातल्या अतिशयोक्तीचे मुख्य सूत्र इथेच सापडते. एकच गोष्ट ताणायची आणि तिच्या भोवतीचे बाकी सगळे जग काटेकोर मापात ठेवायचे.

हे सूत्र गद्यात कसे चालते, हे पाहण्यासाठी एक छोटा मजकूर मुद्दाम तयार करू आणि तो टप्प्याटप्प्याने बदलत जाऊ. विषय साधा घेऊ. सोसायटीच्या जिन्यातला दिवा गेला आहे आणि तो बदलायला कार्यकारिणीने फार दिवस लावले. पहिला मसुदा असा:

'आमच्या जिन्यातला दिवा गेला आणि तो बदलायला कार्यकारिणीने तीन महिने लावले.'

ही तक्रार आहे. वाचणाऱ्याला ती पटेल, पण हसू येणार नाही, कारण त्याच्या अपेक्षेबाहेरचे इथे काहीच घडलेले नाही. नवखा लेखक हे वाक्य विनोदी करायला निघाला की बहुधा असे लिहितो:

'आमची कार्यकारिणी इतकी सुस्त आहे की दिवा बदलायला तिला शंभर वर्षे लागतील आणि तोवर सूर्यसुद्धा विझून जाईल!'

इथे अतिशयोक्ती भरपूर आहे, तरी ती हसवत नाही. पहिले कारण असे की लेखकाने थेट उंटापाशी उडी मारली. वाचकाला पाय ठेवायला मधली एकही पायरी नाही. दुसरे कारण असे की ताणलेल्या गोष्टीचा सोसायटीशी काही संबंध राहिलेला नाही. शंभर वर्षे आणि विझणारा सूर्य ही कुठल्याही सुस्तीला लावता येण्यासारखी मापे आहेत. सरकारी कचेरी असो, शिंपी असो की मालगाडी, सगळ्यांना ती सारखीच बसतात, म्हणून त्यांतून कोणाचेच चित्र उभे राहत नाही. तिसरे कारण शेवटच्या उद्गारचिन्हात आहे. ते वाचकाला सांगते की आता हसा, आणि सांगितल्यावर हसू येत नाही. आता तिसरा मसुदा:

'दिवा गेल्याचे पहिल्या आठवड्यात सर्व सभासदांच्या लक्षात आले. दुसऱ्या आठवड्यात ते चिटणीसांच्या लक्षात आणून देण्यात आले. तिसऱ्या आठवड्यात, दिवा खरोखरच गेला आहे काय, याची पाहणी करण्यासाठी तीन सभासदांची उपसमिती नेमण्यात आली. उपसमितीने पाहणीसाठी सोमवारी रात्री साडेनऊची वेळ ठरवली. परंतु त्या वेळी जिन्यात अंधार असल्याने पाहणी पुढे ढकलण्यात आली.'

इथे सूर्य विझत नाही, वर्षेही लागत नाहीत. एकूण अतिशयोक्ती दुसऱ्या मसुद्यापेक्षा कितीतरी कमी आहे, तरी परिणाम जास्त होतो. पायऱ्या मोजून पाहा. सर्वांच्या लक्षात येणे ही पूर्ण खरी गोष्ट. चिटणीसांना सांगायला आठवडा लागणे हेही घडते. उपसमिती नेमणे इथे ताण सुरू होतो, पण बैठकांना बसलेल्या कोणालाही ते अशक्य वाटणार नाही. आणि शेवटी अंधारामुळे पाहणी रद्द होते, तो उंट. तो बाहेरून आणलेला नाही. दिवा गेला या मूळ गोष्टीतूनच तो निघाला आहे. ज्या कारणासाठी पाहणी ठरली, त्याच कारणाने ती रद्द झाली. चांगल्या अतिशयोक्तीचे शेवटचे टोक नेहमी असे विषयाच्या पोटातून येते.

या मजकुरातल्या क्रमाकडे आणि आकड्यांकडेही बारकाईने पाहायला हवे. 'सोमवारी रात्री साडेनऊ' या वेळेची माहितीसाठी गरज नाही. पण ती काढून नुसते 'एका रात्री' लिहिले तर मजकूर ढिला पडतो. नेमका वार आणि नेमकी वेळ दिल्यामुळे ही बाब नोंदवहीत लिहिलेली असावी असे वाटते, आणि खोट्याला नोंदीचे वजन येते. तसेच 'तीन सभासदांची' उपसमिती आहे, तीनशे जणांची नाही. ताणायची गोष्ट एकच होती, ती म्हणजे कार्यपद्धतीचे प्रेम. लेखकाने समितीचा आकडाही फुगवला असता तर वाचकाचे लक्ष दोन ठिकाणी वाटले गेले असते आणि दोन्ही फुगे पोकळ वाटले असते.

भाषेनेही इथे आपले काम केले आहे. 'नेमण्यात आली', 'आणून देण्यात आले', 'ढकलण्यात आली' ही इतिवृत्ताची मराठी आहे. तिच्यात करणारा माणूस दिसत नाही. कोणी नेमली, कोणी ढकलली, हे विचारायला जागाच राहत नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्याचाही उपयोग होतो. 'जिन्यात अंधार असल्याने' हे कारण आधी येते, वाचक क्षणभर थांबतो आणि 'पाहणी पुढे ढकलण्यात आली' हा निकाल अगदी शेवटी पडतो. तेच वाक्य उलटे फिरवून 'पाहणी पुढे ढकलण्यात आली, कारण त्या वेळी जिन्यात अंधार होता' असे केले तर निकाल आधी कळतो आणि शेवट खुलाशावर होतो. हा दुसरा प्रकारही काही वेळा चालतो, पण तिथे हशा कारणावर येतो. लेखकाला हशा कुठे हवा आहे, ते ठरवून त्याने शेवटची जागा त्या शब्दाला द्यायची असते.

आतापर्यंत फक्त अतिशयोक्ती झाली. आता चौथ्या मसुद्यात उपरोध आणू. प्रसंग तोच, पण सांगणारा बदलू. तक्रार करणाऱ्या सभासदाऐवजी सोसायटीवर निस्सीम प्रेम असलेला सभासद बोलतो आहे:

'आमच्या सोसायटीत कोणतेही काम घाईने होत नाही, याचा आम्हांला अभिमान आहे. पलीकडच्या सोसायटीत जिन्यातला दिवा गेला, तेव्हा म्हणे कोणा एका सभासदाने त्याच संध्याकाळी बाजारातून नवा दिवा आणून लावून टाकला. ना ठराव, ना सूचक, ना अनुमोदक! अशाने संस्था चालत नाहीत. आमच्याकडे दिव्याचा विषय पाचव्या बैठकीत आहे आणि त्यावर अजून दोन्ही बाजूंनी विचार चालू आहे.'

इथे लेखक एका बाजूला आणि बोलणारा दुसऱ्या बाजूला झाला. बोलणारा शिस्तीची स्तुती करतो आणि दिवा लावणाऱ्याला बेशिस्त ठरवतो. वाचकाला मात्र उलटे दिसते. लेखकाने कार्यकारिणीला एकही वाईट शब्द वापरलेला नाही, तरी सगळा दोष उघडा पडला. जुन्या अलंकारशास्त्रात स्तुतीच्या आडून निंदा करण्याला व्याजस्तुती म्हटले आहे. विनोदी लेखात ती एका वाक्यापुरती न राहता पूर्ण निवेदकाच्या स्वभावात मुरते. 'ना अनुमोदक!' हा उद्गारही बोलणाऱ्याचा आहे, लेखकाचा नाही. म्हणून दुसऱ्या मसुद्यात खटकलेले चिन्ह इथे खटकत नाही.

यात हसू येते ते वाचकाने केलेल्या कामामुळे. 'कार्यकारिणी मूर्ख आहे' असे लेखकाने सांगितले असते तर वाचक फक्त ऐकणारा राहिला असता. उपरोधात निष्कर्ष वाचकाला स्वतः काढावा लागतो. बोलणाऱ्याला जे दिसत नाही ते आपल्याला दिसले, हा शोध त्याचा स्वतःचा असतो. म्हणून उपरोध समजला की समजल्याचा आनंद आणि हसू एकदमच येतात.

याचीच दुसरी बाजू म्हणजे उपरोध समजला नाही तर सगळेच फसते. बोलताना आपण रोज उपरोध वापरतो. मुलाच्या हातून काचेची बरणी फुटली की आई 'शहाणं ग माझं लेकरू' म्हणते. चिरंजीव उशिरा घरी आले की 'या, महाराज' असे स्वागत होते. यांत शब्द कौतुकाचे असले तरी आवाज आणि चेहरा खरे काय ते सांगतात. कागदावर आवाज नाही. तिथे आवाजाचे काम दुसऱ्या कशाने तरी करून घ्यावे लागते, आणि जाणते लेखक ते तीन गोष्टींनी करतात. पहिली म्हणजे स्तुतीला खोटे पाडणारी ठोस घटना जवळच ठेवायची. वरच्या मजकुरात त्याच संध्याकाळी लावलेला दिवा ती कामगिरी करतो. दुसरी म्हणजे बोलणाऱ्याचा उत्साह गरजेपेक्षा थोडा जास्त ठेवायचा. एका दिव्यासाठी सूचक आणि अनुमोदक आठवणारा माणूस आपला तोल स्वतःच दाखवून देतो. तिसरी म्हणजे विषयापेक्षा भाषा एक पायरी वर ठेवायची. क्षुल्लक गोष्टीला मोठ्या सभेची भाषा मिळाली की वाचक सावध होतो. मराठीत आदरार्थी बहुवचनही याच कामाला येते. ज्याला सहज 'तो' म्हणता आले असते त्याला 'ते' म्हटले आणि त्याच वाक्यात त्याचे वागणे सांगितले की आदर आणि वागणे यांच्यातली दरी दिसू लागते.

आधुनिक मराठी विनोदी लेखाची सुरुवातच या उपरोधाने झाली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 1902 पासून 'विविधज्ञानविस्तार' मासिकात विनोदी लेख लिहायला सुरुवात केली आणि पुढे ते 'सुदाम्याचे पोहे' या नावाने पुस्तकरूपात आले. त्यांना रूढींवर टीका करायची होती. ती त्यांनी सुधारकाच्या तोंडून केली असती तर ते आणखी एक सुधारकी व्याख्यान झाले असते. त्यांनी सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या ही मंडळी उभी केली आणि पुष्कळदा रूढींचा कैवार घेणाऱ्याच्या आविर्भावात त्यांना बोलते केले. एखाद्या रूढीचे समर्थन इतक्या मनापासून आणि इतक्या तपशिलाने व्हायचे की त्या तपशिलाच्या भारानेच ती रूढी कोसळायची. 'चोरांचे संमेलन' या लेखात त्यांनी कल्पना ताणली ती एकाच जागी. संमेलन भरवले ते चोरांनी. बाकी संमेलनाचा थाट त्या काळी भरणाऱ्या प्रतिष्ठित परिषदांसारखाच ठेवला. एक गोष्ट अशक्य आणि बाकी सगळे रीतीप्रमाणे, हेच ते सूत्र.

कोल्हटकरांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिताना अतिशयोक्तीचा लगाम बराच सैल सोडला. ठकीच्या लग्नाच्या खटपटीचे त्यांचे लेख याचे ठळक उदाहरण आहेत. मुलीसाठी स्थळ शोधणे या घरोघरच्या गोष्टीला त्यांनी लष्करी मोहिमेचे रूप दिले. कल्पनेवर कल्पना आणि कोटीवर कोटी येत राहते आणि त्या माऱ्यात वाचक भिजून जातो. पण याच लेखांत अतिशयोक्तीचा एक धोकाही दिसतो. ठकीच्या रूपाची वर्णने आज वाचताना बोचतात, कारण तिथे ताण एका मुलीच्या दिसण्यावर येतो, आणि ते तिच्या हातातले नाही. उलट वरपक्षाची अरेरावी आणि वधूपित्याची धावपळ जिथे ताणली जाते तिथे आजही मोकळेपणाने हसू येते, कारण ती माणसांनी निवडलेली वागणूक आहे. अतिशयोक्ती कुठे ताणायची, हा कसबाचा प्रश्न तर आहेच, पण तो न्यायाचाही आहे. माणसाच्या वागण्यावर ताण द्यावा, त्याच्या असण्यावर नाही, असे मला मनापासून वाटते. बोचरे वर्णन काळाबरोबर शिळे होते, वागण्यावरचा विनोद टिकतो.

चिं. वि. जोशी यांनी अतिशयोक्ती कमी करून निवेदकावर सगळा भार टाकला. त्यांचा चिमणराव पुण्याचा साधा, भित्रा, संसारी कारकून आहे आणि आपल्या फजित्या तो स्वतःच सांगतो. शेजारी धिप्पाड गुंड्याभाऊ असला की संकट हमखास वाढते. चिमणराव स्वतःला विनोदी समजत नाही. घडले ते तो गंभीरपणे, जरा आपली बाजू सावरून सांगतो. त्याने झाकायचा प्रयत्न केलेली गोष्ट वाचकाला त्याच्याच शब्दांतून दिसते. उपरोध इतका मवाळ झाला की त्यात तिरस्कार उरत नाही. चिमणरावाला हसता हसता वाचक त्याच्या बाजूचा होऊन जातो, कारण तशी सावरासावर त्यानेही केलेली असते.

पु. ल. देशपांडे यांच्या लेखनात पायऱ्या आणि निवेदक या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. 1958 मधल्या 'बटाट्याची चाळ'मधला 'उपास' पाहा. एका माणसाने वजन कमी करायचे ठरवले, एवढाच प्रसंग. पहिली पायरी अगदी खरी आहे, असा निश्चय सगळेच करतात. मग तो निश्चय घराबाहेर फुटतो, शेजारी सल्ले देऊ लागतात, प्रत्येकाचा सल्ला दुसऱ्याच्या सल्ल्याला छेद देतो, आणि एका माणसाचे वजन हा साऱ्या चाळीचा प्रश्न होतो. निवेदक आपल्या उपासाकडे कठोर तपश्चर्येसारखे पाहतो, वाचकाला मात्र ती तपश्चर्या कुठे कुठे ढिली पडली ते दिसत राहते. अखेर वजनाचा काटा त्याच्या बाजूने कौल देत नाही, आणि तो देणार नाही हे वाचकाने आधीच ओळखलेले असते. 'म्हैस'मध्ये एसटीच्या गाडीला म्हैस आडवी येते आणि त्या एका अपघाताभोवती प्रवासी, गावकरी, पुढारी आणि पंचनामा यांचा पसारा जमतो. घटनेचा आकार तेवढाच राहतो, वाढतो तो भोवतालच्या माणसांचा उत्साह.

या सगळ्या उदाहरणांत दोन्ही तंत्रे एकमेकांना सांभाळून घेतात. नुसती अतिशयोक्ती चार-पाच पायऱ्यांनंतर थकवते, कारण वाचकाला पुढची पायरी दिसू लागते. तिथे गंभीर निवेदक असला की त्याला त्या वाढीत काहीच वावगे दिसत नाही आणि ती वाढ पुन्हा ताजी होते. उलट नुसता उपरोध फार बारीक झाला तर वाचकाच्या नजरेतून निसटतो. अतिशयोक्तीची एक पायरी त्याला मोठे करून दाखवते. सोसायटीच्या चौथ्या मसुद्यात 'पाचव्या बैठकीत' हे शब्द नसते, तर काही वाचकांनी तो अभिमान खराच मानला असता.

फसलेला मजकूर ओळखण्याच्या खुणाही याच तत्त्वातून निघतात. 'इतका की' ही रचना एका परिच्छेदात तीनदा आली तर समजावे की लेखक पायऱ्या बांधण्याऐवजी उड्या मारतो आहे. विनोदानंतर त्याचा खुलासा करणारे वाक्य आले तर वाचकाच्या हातचे काम लेखकाने काढून घेतले आहे, ते वाक्य खोडावे. निवेदक मधेच हुशार होऊन स्वतःच टोमणा मारू लागला तर त्याचा भाबडेपणा संपला आणि उपरोधाचा आधार गेला. आणि मजकुरातल्या सगळ्याच गोष्टी फुगलेल्या असतील तर कोणतीच फुगलेली दिसत नाही, कारण मोजायला मूळ मापच शिल्लक राहत नाही.

शेवटची कसोटी सर्वांत सोपी आणि सर्वांत कठोर आहे. विनोदी लेखातली सगळी वाढ उतरवून टाकावी आणि खाली काय उरते ते पाहावे. 'उपास' उतरवला तर उरते ते निश्चय मोडणारे आपले मन आणि दुसऱ्याच्या प्रकृतीत रस घेणारा शेजार. दिव्याचा मजकूर उतरवला तर उरते ती कामापेक्षा कामाच्या रीतीला कवटाळणारी संस्था. हे उरलेले वाक्य खरे असेल तर लेख दुसऱ्यांदा वाचतानाही हसवतो. ते खरे नसेल, किंवा खाली काहीच उरत नसेल, तर पहिल्या वाचनातला हशा हा नुसत्या मोठ्या आवाजाचा होता असे समजावे आणि लेखकाने पुन्हा पहिल्या, खऱ्या पायरीपासून सुरुवात करावी.